‘सोबत : आवश्यक कागदपत्रे’ असे लिहिणे कृपया थांबवा

आज सकाळी नागपूरच्या महाल भागातील एका सहकारी बँकेत पासबुक भरून घेण्यासाठी गेले होते. माझ्यापुढे दिघोरीकडून आलेल्या एक बाई उभ्या होत्या. यजमान जाऊन त्यांना दोन महिने झाले आहेत. यजमानांच्या नावे मुदत ठेव आहे, नामनिर्देशन बाईंचेच आहे, आणि तरीही अर्ज परत मिळण्याची त्यांची ही तिसरी खेप. काउंटरवरच्या मुलाने अर्ज उलटासुलटा करून पाहिला, “काकू, असा अर्ज चालत नाही,” एवढेच म्हटले आणि कागद सरकवून दिला. कसा चालतो, हे मात्र सांगितले नाही. तेव्हापासून माझे डोके तापले आहे, म्हणून लिहीत आहे.

बाहेरच्या बाकावर बसून मी तो अर्ज वाचला. झेरॉक्सच्या दुकानातून टाइप करून आणलेला होता. विषय होता, ‘पतीचे खाते माझ्या नावावर करून मिळणेबाबत’. सगळी गडबड तिथेच होती. मृत ठेवीदाराचे खाते कुणाच्या नावावर ‘होत’ नाही. बँक दाव्याची पूर्तता करून रक्कम नामनिर्देशित व्यक्तीला देते आणि खाते बंद करते. जे होऊच शकत नाही ते मागितल्यावर अर्ज परत येणारच. मजकुरात यजमानांचे नाव ‘नामदेवरावजी’ असे होते, तर ठेव पावतीवर नुसते ‘नामदेव’. आपल्या नागपुरात माणसाला ‘राव’ आणि ‘जी’ लावल्याशिवाय आपली जीभ वळत नाही, पण बँकेच्या नोंदीत तो आदर बसत नाही. पावतीवर आणि मृत्यू प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच अर्जात हवे, त्याच्याआधी फार तर ‘कै.’ लावावे. आणि शेवटी ‘सोबत : आवश्यक कागदपत्रे’. ही ओळ पाहिली आणि मला माझी आई आठवली.

बाबा गेले तेव्हा आईचा अर्ज मीच लिहिला होता. एका शाळेच्या कार्यालयात लिपिक म्हणून काम करणारी, रोज आवक-जावक नोंदवणारी मी, घरातल्या त्या दिवसांत घाईघाईने लिहून गेले, ‘सोबत आवश्यक कागदपत्रे जोडली आहेत.’ ठेवीची मूळ पावती त्यात टाचली आणि आई ती देऊन आली, पोच न घेता. महिनाभराने त्या बँकेतून, ती आजची बँक नव्हे, उत्तर आले की पावती मिळालेलीच नाही. माझ्याच अर्जात पावतीचा उल्लेख नव्हता, मग भांडायचे कशाच्या जोरावर? पुढे मुद्रांक कागदावर नुकसानभरपाईचे बंधपत्र, दोन जामीनदार, दुय्यम पावती. आई मला एका शब्दानेही बोलली नाही, आणि तेच जास्त लागले.

म्हणून आज त्याच बाकावर बाईंचा अर्ज नव्याने लिहिला. तो असा :

दिनांक : ……

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
…… सहकारी बँक, महाल शाखा, नागपूर.

विषय : मृत ठेवीदाराच्या मुदत ठेवीची रक्कम नामनिर्देशित व्यक्तीस मिळणेबाबत.
संदर्भ : मुदत ठेव पावती क्र. ……, दि. ……

महोदय/महोदया,
उपरोक्त विषयान्वये आपणांस विनंती आहे की, माझे पती कै. नामदेव …… यांचे दि. …… रोजी निधन झाले असून, त्यांच्या नावे आपल्या शाखेत संदर्भीय मुदत ठेव आहे. सदर ठेवीस माझे नामनिर्देशन नोंदलेले आहे. तरी ठेवीची व्याजासह होणारी रक्कम माझ्या बचत खाते क्र. …… मध्ये जमा करावी, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)
नाव, पत्ता, भ्रमणध्वनी

सोबत :
1. मृत्यू प्रमाणपत्र – छायाप्रत (मूळ पडताळणीसाठी दाखविले)
2. मुदत ठेव पावती – मूळ
3. अर्जदाराचे आधार कार्ड – छायाप्रत
4. बँकेचा छापील दावा अर्ज – भरलेला

‘मा.’ पदाला लावला की पुढे ‘साहेब’ लागत नाही. बाईंच्या अर्जात दोन्ही होते. व्यवस्थापक बाई आहेत की पुरुष हे ठाऊक नसेल, तर ‘महोदय/महोदया’ लिहावे. स्वतःच्या नावाआधी ‘सौ.’ किंवा ‘श्रीमती’ लिहू नये, कारण मान दुसऱ्याला द्यायचा असतो. झेरॉक्सवाल्याने त्यांच्या नावाआधी ‘सौ.’ टाइप करून ठेवले होते. त्या अक्षरावरून बाईंनी बोट फिरवले आणि “हे राहू द्यायचं का हो ताई?” असे विचारले. मला काही बोलता येईना. मी दुसरा कागद काढला.

बँकेचा छापील दावा अर्ज असताना हाताने लिहिलेला अर्ज कशाला, असे कुणी म्हणेल. खरे आहे, छापील अर्ज भरावाच लागतो. काउंटरवरच्या मुलाकडे दिवसाला पन्नास माणसे येत असतील, हेही मान्य. पण छापील अर्जावर कोणता कागद मूळ दिला आणि कोणता नुसता दाखवला, हे आपल्या शब्दांत लिहायला जागा असेलच असे नाही. यादीतले ते ‘मूळ’ आणि ‘छायाप्रत’ हे दोन शब्द आमच्याकडे त्या वेळी नव्हते, म्हणून आईला जामीनदार शोधत इतवारीपर्यंत फिरावे लागले.

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. दुसरीवर बँकेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यावी. आवक क्रमांक टाकत असतील तर तोही घ्यावा. नामनिर्देशन असलेल्या ठेवीचा दावा मृत्यूचा पुरावा आणि दावेदाराची ओळख पटवणारी कागदपत्रे मिळाल्यापासून 15 दिवसांत निकाली काढावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. पण ते 15 दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे हे शिक्क्यावाचून सिद्ध करणार कसे? तीन खेपांत बाईंच्या हाती एकही तारीख पडलेली नाही. तोंडी परत पाठवलेल्या अर्जाची कुठेही नोंद नसते, आणि नोंद नसलेल्या अर्जाला उशीरही होत नाही! याची मला सर्वांत जास्त चीड येते. अर्ज घ्यायचाच नसेल, तर कारण लेखी द्या.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघींच्याही लक्षात उशिरा आली. त्यांचे यजमान त्या बँकेचे सभासदही होते, घरी भागांचे म्हणजे शेअर्सचे प्रमाणपत्र आहे. ठेवीचे नामनिर्देशन भागांना लागू होत नाही. ठेवीसाठी बँकांचे स्वतंत्र नामनिर्देशन नियम आहेत, तर महाराष्ट्राच्या सहकार कायद्याखालील बँकेत मृत सभासदाच्या भागांचा विषय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 30 नुसार चालतो. त्यामुळे भागांसाठी वेगळा अर्ज, वेगळा विषय आणि वेगळी सोबतची यादी लागते. दोन्ही मागण्या एकाच कागदावर लिहिल्या, तर एका टेबलावरचा माणूस दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतो आणि कागद मधेच राहतो.

आणि हे सगळे नामनिर्देशन असेल तरच इतके सोपे आहे. ते नसेल, तर वारसांची संमती आणि बरेच काही लागते. तिथे माझा हा नमुना पुरणार नाही. शिवाय नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम मिळते ती इतर वारसांच्या वतीने, हेही बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, “मुलं माझीच आहेत, ताई. दुसरं कोण आहे?”

भागांचा अर्ज आज रात्री लिहून ठेवते. उद्या अकरा वाजता आम्ही दोघी मिळून जाणार आहोत. मूळ पावती तोवर त्यांच्याच पिशवीत राहील. शिक्का उमटल्याशिवाय ती बाहेर काढायची नाही, असे मी त्यांना तीनदा बजावले आहे.