'अर्धवट माहिती' म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

ऑर्डर दिल्यावर पार्सलचा फोन नंबर आणि तारीख कशी बदलायची यावर मी लिहिलं होतं. त्याखाली एका भाऊंची ही कमेंट आली:

"दादा, तुमचं वाचून कस्टमर केअरला फोन करून नंबर बदलून घेतला. तरी डिलिव्हरीवाल्याने जुन्याच नंबरला फोन लावला. तारीख पुढे ढकलली होती, तरी पार्सल परत गेलं. अर्धवट माहिती देऊन लोकांना कशाला फिरवता? स्वतः कधी पार्सल मागवलंय का?"

भाऊ, पार्सल परत गेल्याचा राग समजतो. पण ते शेवटचं वाक्य काय कामाचं? 'दादा' म्हणून सुरुवात करायची आणि जाता जाता चिमटा काढायचा, ही कुठली रीत?

मागवलंय का म्हणता, तर ऐका. मी जळगावात राहतो, आई-वडील चोपडा तालुक्यात मळ्यावर. आईचा मिक्सर, वडिलांचं बीपीचं मशीन, सगळं मीच इथून मागवतो. मागच्या उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर मागवला आणि ऑर्डरमध्ये वडिलांचा जुना नंबर गेला. त्या सिमचा रिचार्ज संपून इनकमिंगही बंद झालेलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तेव्हा ॲपच्या प्रोफाइलमध्ये नवा नंबर टाकला आणि निवांत झोपलो. तीच चूक. प्रोफाइलमधला नंबर पुढच्या ऑर्डरींना लागतो. झालेल्या ऑर्डरवर त्या वेळचा पत्ता आणि नंबर तसाच राहतो. तो बदलायचा तर ऑर्डरच्याच पानावर, आणि तोही बहुतेक ठिकाणी माल पॅक होऊन लेबल चिकटेपर्यंतच.

मग विक्रेत्याच्या कस्टमर केअरला फोन केला. "बदलला सर" म्हणाले. बदलला तो त्यांच्या नोंदीत. कुरिअरकडे ती विनंती उशिरा पोचली, आणि खोक्यावरचं छापील लेबल तर कोणी बदलत नाही. डिलिव्हरीच्या पोराच्या हातात शंभरेक पार्सलं, त्याने लेबल बघून जुना नंबर फिरवला, लागला नाही, शेरा मारला, पुढे गेला. तुमचंही हेच झालं असणार.

संध्याकाळी मी ट्रॅकिंगचा AWB नंबर घेऊन थेट कुरिअरच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथे नवा नंबर 'पर्यायी नंबर' म्हणून नोंदवून घेतला आणि सकाळी पोराचा वडिलांना फोनही आला. इथवर छान. पण दारात ओटीपी मागितला आणि तो गेला जुन्याच नंबरवर! पर्यायी नंबर फोन करण्यापुरता असतो, ओटीपी बहुधा ऑर्डरच्या नंबरलाच जातो. जुन्या फोनवरून कॉल फॉरवर्ड लावला तरी मेसेज काही फॉरवर्ड होत नाही. शेवटी वडिलांनी गावातल्या दुकानातून जुन्या सिमला रिचार्ज मारला, ओटीपी आला, तोवर पोरगं बांधावरच्या निंबाखाली बसून होतं. आईने त्याला ताक दिलं म्हणून थांबलं, नाहीतर गेलं असतं. मागवलंय का म्हणे!

हां, एक मान्य करतो. मी 'कस्टमर केअर' एवढंच लिहिलं होतं, विक्रेत्याचं की कुरिअरचं हे लिहिलं नव्हतं. माल निघायच्या आधी विक्रेता, निघाल्यावर दोघेही. एवढी ओळ राहिली, ती आता घातली आहे. पण एका ओळीवरून 'लोकांना फिरवता'?

तारखेचं म्हणाल तर त्यात फार काही नाही. तारीख बदलायची लिंक बहुतेक वेळा पहिली फेरी फुकट गेल्यावर येते, आणि तीही दोन-चार दिवस पुढे ढकलण्यापुरती. तारीख मिळते, वेळ मिळत नाही. सकाळी हबवर त्या दिवसाची यादी निघाली आणि ट्रॅकिंगला "Out for Delivery" दिसलं, की त्या दिवसासाठी बदल केलेला पोरापर्यंत जात नाही. पिनकोड तर विसराच. चोपड्याचा ४२५१०७ छापलेलं खोकं ४२५४०१ला, अमळनेरला, वळवून घ्यायचं म्हटलं तर कुरिअर साधारण नाहीच म्हणतात, कारण माल पिनकोडवरच लागतो. साधारण तीन फेऱ्या होतात, मग माल परत. ट्रॅकिंगला "RTO Initiated", म्हणजे माल परत निघाला, असं दिसलं की थांबवायची आशा जवळपास संपली.

आणि फेरी फुकट गेल्याचा शेरा वाचायचा असतो. 'ग्राहक उपलब्ध नाही' असेल तर पुन्हा येतात. 'ग्राहकाने नकार दिला' असेल तर बऱ्याचदा येतच नाहीत, आपण हो म्हटलेलं असलं तरी. फोन आलाच नसेल तर कॉल यादीचा स्क्रीनशॉट काढून त्याच दिवशी विक्रेत्याकडे तक्रार करायची, दोन दिवसांनी नव्हे. तुम्ही हे केलंत का? कमेंटमध्ये तर दिसत नाही.

तुमच्या पार्सलवर नेमका कुठला शेरा होता ते लिहा, मग बघू. फक्त या वेळी शेवटचं वाक्य जरा नीट लिहा भो.