वाढदिवसाला उरले तीस दिवस

पोराला पाचवं वर्ष लागलं की आईबापांनी महिनाभर आधीच कंबर कसावी. आमच्या लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला आम्ही कसली होती. त्या अनुभवाच्या जोरावर ही योजना देतो आहे. तंतोतंत पाळा, म्हणजे आमच्याइतकंच यश तुम्हालाही मिळेल.

तीस दिवस आधी: हॉल. सोसायटीचा क्लबहाऊस ताबडतोब अडवून टाका. वेळ संध्याकाळी सहा ते दहा घ्या आणि कार्डावर साडेसहा छापा. सजावटीला किती वेळ लागतो हे फुगेवाल्याला चुकूनही विचारू नका. हॉलची किल्ली सहाला मिळते, त्यामुळे तोही सहालाच येतो आणि कमान उभी करायला त्याला दोन तास लागतात. म्हणजे पहिले पाहुणे पोचतात तेव्हा तो शिडीवर असतो आणि तुम्ही अजून घरच्या कपड्यांत. पाच वर्षांच्या मुलांना सहाला भूक लागते आणि साडेआठला झोप येते, म्हणून चार ते सहा ही वेळ बरी, असं कोणी म्हणेल. त्याला सांगा, चारला आमच्या ऑफिसातली माणसं कशी येणार? वाढदिवस कोणाचा आहे, याबद्दल मनात गोंधळ ठेवू नये.

फुगे चिकटपट्टीने थेट भिंतीवर लावा. काढताना रंगाचे पापुद्रे निघतात आणि डिपॉझिट कशातून कापायचं हा सेक्रेटरीसाहेबांचा प्रश्न सुटतो.

पंधरा दिवस आधी: आमंत्रण. लेकराचा मुकुट घातलेला फोटो टाकून कार्ड बनवा आणि वर्गाच्या ग्रुपवर सोडून द्या. खाली ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहायला विसरू नका, लग्नपत्रिकेची सवय अशी थोडीच सुटते? फक्त मुलांना बोलावलंय की आईबापांनाही, धाकट्या भावंडांचं काय, कार्यक्रम संपणार कधी, हे काहीही लिहू नका. संपायची वेळ लिहिली तर लोक ठरल्या वेळी पोराला घेऊन घरी जातात. केवढा अपमान!

मग उत्तरांची वाट पाहा. आम्ही बावीस मुलांना बोलावलं होतं. नऊ घरांतून उत्तर आलं, त्यात चार नुसते अंगठे. अंगठा म्हणजे ‘येतो’ की ‘वाचलं’, हे अंगठा देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ‘बघतो, जमवतो’ म्हणणारा मात्र हमखास येतो, आणि आजीला घेऊन येतो. एकेका घरी फोन करून ‘तुमच्याकडून किती जण जेवायला?’ असं सरळ विचारणं अर्ध्या तासाचं काम आहे. पण असं विचारणं बरं दिसत नाही. नंतर ताटं कमी पडलेली बरी दिसतात.

आठ दिवस आधी: जेवण. आता केटररला आकडा द्यायचा. तो विचारतो, ‘गॅरंटी किती प्लेटची?’ गॅरंटी म्हणजे तेवढे लोक आले नाहीत तरी तेवढ्याचे पैसे द्यायचे, आणि जास्त आले तर वरच्या प्लेटचेही द्यायचे. अंदाज कसा बांधायचा? पाच वर्षांचं मूल एकटं येत नाही. बावीस मुलं धरा, आणि बाकीचा हिशोब देवावर सोडा. आम्ही पन्नास सांगितले. एकोणीस मुलं आली, त्यांच्याबरोबर आठ भावंडं, चोवीस आईबाप आणि तीन आज्या. एकूण चोपन्न. एका आजींचा उपवास होता आणि दोन कुटुंबं कांदा-लसूण न खाणारी निघाली. हे कार्डावर कोणी विचारत नाही, आम्हीही विचारलं नव्हतं.

पदार्थ मोठ्यांच्या आवडीचे ठेवा: पनीर चिली, हक्का नूडल्स, व्हेज कोल्हापुरी. पोरं वेफर्स खातात, पावभाजीतला नुसता पाव खातात आणि सरबत सांडतात. बाकीचं त्यांच्या ताटात वाढून टाकून द्यायचं, कारण गणती ताटांची होते.

केकबद्दल सविस्तर सांगतो, कारण इथे आमची खरी कमाल झाली. एक किलो केकचे साधारण बारा तुकडे होतात, म्हणजे चोपन्न माणसांना साडेचार किलो लागला असता. आमचा तीनमजली केक दिसायला पाच किलोंचा होता. खालचे दोन मजले थर्माकोलचे निघाले. तशी पद्धतच आहे म्हणे, ऑर्डर देताना विचारलं तर सांगतात. वरचा खरा मजला दीड किलोचा, त्यातही वरची साखरेची जाड गुलाबी चादर पोरं सोलून बाजूला ठेवतात. अठरा तुकडे झाले. शेवटचे तर तिकिटाएवढे, आणि तरीही काहीजणांना सुरीला लागलेल्या क्रीमवर समाधान मानावं लागलं.

मेणबत्त्या पेटल्यावर कोणीतरी फेसाचा स्प्रे बाहेर काढेल. इथे एक मिनिट चेष्टा बाजूला ठेवतो. त्या डब्यांतला वायू बऱ्याचदा पेट घेणारा असतो, आणि तरंगणाऱ्या स्वस्त फुग्यांत हेलियमऐवजी हायड्रोजन भरलेला असू शकतो. दोन्ही ज्योतीपासून लांब ठेवा. झालं, आता पुन्हा मूर्खपणाकडे वळू.

आदल्या दिवशी: खेळ. खेळांचा विचार आदल्या रात्रीच करावा. संगीत खुर्ची ठेवा, आपल्या लहानपणी होतीच की. आपल्या लहानपणी दहा पोरं असायची, हे विसरून जा. सत्तावीस पोरं म्हणजे सव्वीस फेऱ्या. खुर्ची ओढणं, भांडण सोडवणं आणि गाणं पुन्हा सुरू करणं धरून फेरीला दीड मिनिट, म्हणजे एकोणचाळीस मिनिटं. पहिल्या फेरीत बाद होणारं पोर बहुतेक सगळ्यात लहान असतं आणि ते उरलेली साडेसदतीस मिनिटं भिंतीशी बसून भोकाड पसरतं. प्रत्येक फेरीला त्याच्या साथीला एकेक नवं पोर येतं. सातव्या फेरीला आमच्याकडे गाणं थांबलंय की नाही, हे कोणालाच ऐकू येईना.

यावर तोड आहे, म्हणून ती मुद्दाम टाळा. कोणीच बाद होत नाही असे खेळ असतात. हॉलभर चॉकलेटं लपवून शोधायला लावायची, किंवा वर्तमानपत्राचे थरावर थर गुंडाळून पार्सल फिरवायचं आणि प्रत्येक थरात एक गोळी ठेवायची. अशाने पोरं हसतात, वेळ पटकन जातो आणि मग माइक घेऊन ओरडायला आणलेल्या भाडोत्री दादाचे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात.

रिटर्न गिफ्ट बोलावलेल्या मुलांइतकीच आणा. आम्ही मोजून बावीस कंपास आणले होते आणि पोरं होती सत्तावीस. उरलेल्या पाच जणांची समजूत केकच्या थर्माकोलच्या दोन मजल्यांवर निघाली. खरं सांगायचं तर तीच पाच पोरं सर्वात खुशीत घरी गेली.

प्रत्यक्ष दिवशी. केक कापायला आठ वीस झाले, कारण एक साहेब वाहतुकीत अडकले होते. उत्सवमूर्ती तोवर संगीत खुर्चीतून उरलेल्या दोन खुर्च्या जोडून त्यांवर झोपली होती. तिला उभी करून, हातात सुरी देऊन, हात आम्हीच धरला. फोटोत तिचे डोळे मिटलेले आहेत. नातेवाईक म्हणतात, किती मनापासून इच्छा मागतेय.

साहेब पावणेनऊला आले आणि त्यांनी केकची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी डिपॉझिट आणायला गेलो. भिंतीचे चार पापुद्रे, एक तुटलेली खुर्ची आणि गालिच्यावरचं सरबत वजा जाऊन जे उरलं, त्यात दोघांचा चहा झाला. तिथेच रजिस्टर उघडं होतं. पुढच्या शनिवारी सहा ते दहा, तिसऱ्या मजल्यावरच्या जुळ्यांचा वाढदिवस. घरी येईपर्यंत ग्रुपवर कार्डही आलं होतं. दोन मुकुट, सहकुटुंब सहपरिवार.

मी अंगठा दिला.