सदतीस टक्क्यांचा नियम अन् माझ्या भाच्याची वीस स्थळं

माझा भाचा मागच्या रविवारी परभणीला सहावं स्थळ पाहून आला आणि आल्या आल्या नाही म्हणून मोकळा झाला. वहिनीचा फोन आला मला, की आत्या म्हणून तुम्हीच विचारा त्याला, आमचं ऐकत नाही. मी विचारलं, कामून रे नाही? तर म्हणे, "आत्या, पहिल्या सात जणींना नाहीच म्हणायचं असतं, गणितानं सिद्ध झालंय ते, तू तर गणितच शिकवतेस की." कुठंतरी रील बघितली होती त्यानं. यंदा वीसेक स्थळं येतील असा अंदाज, वीसाचे सदतीस टक्के म्हणजे सात, म्हणून सातव्यापर्यंत नुसतं बघायचं आणि मग त्या सातांपेक्षा सरस जी पहिली दिसेल तिला हो म्हणायचं.

आता नियम खरा आहे, मी त्याला खोटं म्हणूच शकत नाही. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न आपल्या घरातला नाहीये, आणि हेच मला आज नीट लिहायचंय कारण अशी अजून दहा पोरं असतील.

गणिताची कोडी लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनं फेब्रुवारी १९६० मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकात हा खेळ म्हणून मांडला होता. कुणीतरी चिठ्ठ्यांवर वाटेल ते आकडे लिहून उलट्या ठेवायच्या, तुम्ही एकेक उघडायची, आणि हाच सगळ्यात मोठा असं वाटलं की थांबायचं. मागं टाकलेली परत उचलता येत नाही. पुढं याला सेक्रेटरी प्रॉब्लेम म्हणायला लागले, कारण तोच प्रश्न नोकरीच्या मुलाखतीचा करून सांगतात.

तीनच चिठ्ठ्या घ्या, म्हणजे हातानं करून बघता येतं. सगळ्यात मोठी १ नंबर, मग २, मग ३. त्या सहा क्रमांनी येऊ शकतात. पद्धत अशी की पहिली सोडायची आणि नंतर तिच्यापेक्षा मोठी दिसली की थांबायचं. १-२-३ आणि १-३-२ मध्ये सगळ्यात मोठी पहिल्यांदाच येऊन गेली, हरलो. ३-२-१ मध्ये दुसरी चिठ्ठी पहिलीपेक्षा मोठी म्हणून थांबलो आणि खरी मोठी मागंच राहिली, पुन्हा हरलो. पण २-१-३, २-३-१ आणि ३-१-२ या तिन्हीत बरोबर १ नंबर हाती लागते. सहातले तीन. डोळे झाकून पहिलीच उचलली असती तर सहातले दोनच. वीस चिठ्ठ्या असल्या की सात सोडणं सगळ्यात चांगलं, आणि तेव्हा जिंकायची शक्यता अडतीस टक्के. इथपर्यंत माझा भाचा अगदी बरोबर आहे.

पण उरलेल्या बासष्ट टक्क्यांत काय होतं हे रीलमध्ये सांगितलेलं नसतं. वीसातली सगळ्यात सरस जर पहिल्या सातांत येऊन गेली, आणि हे वीसात सात वेळा म्हणजे पस्तीस टक्के वेळा होणारच, तर पुढं तिच्यापेक्षा सरस कुणी येतच नाही. मग नियम पाळणारा माणूस आठ, नऊ, दहा करत बघतच राहतो आणि शेवटी विसाव्याला गाठतो, ते कसंही असो. म्हणजे तीनातल्या एकापेक्षा थोडं जास्तच वेळा तुमच्या पदरात निव्वळ शेवटचं स्थळ पडतं. का, तर त्या गणितात १ नंबर मिळाली तरच बक्षीस आहे. दोन नंबर मिळाली तरी शून्य, वीसावी मिळाली तरी शून्य, दोन्ही सारखंच. मला सांगा, संसार असा असतो का?

म्हणून प्रश्न बदलून बघा. समजा प्रत्येक स्थळाला ० ते १०० मध्ये कुठलाही गुण सारख्याच शक्यतेनं पडू शकतो, आणि जे घेतलं त्याचे सरासरी गुण जास्तीत जास्त यावेत एवढंच पाहिजे. मग सदतीस टक्के सुटतं आणि वर्गमूळ येतं! वीसाचं वर्गमूळ साडेचारच्या आसपास, त्यातून एक वजा, म्हणजे तीन किंवा चार बघायचे आणि मग थांबायला तयार व्हायचं. तीन सोडले तर सरासरी ८० येते, सात सोडले तर ७६. एक नंबर गाठायची शक्यता अडतीसवरून एकतीसवर उतरते हे खरं, पण शेवटच्या कुणावर तरी येऊन अडकायची भीती पस्तीसवरून पंधरा टक्क्यांवर येते. मला तर यात विचार करण्यासारखं काही दिसत नाही, मी तीनच घेईन.

आणि दुसरी गोष्ट, चिठ्ठी नाही म्हणत नाही, माणूस म्हणतो. समोरून निम्म्या वेळा नकार येणार असं धरलं तर एक नंबरच पाहिजे असली तरी सुमारे पंचवीस टक्केच सोडायचे असतात. चारात एकदाच होकार मिळणार असेल तर सुमारे सोळा टक्के. आपल्याकडं शेती करणाऱ्या पोराला होकार मिळणं किती अवघड झालंय ते गावागावात दिसतंय, आणि माझ्या भाच्याच्या नावावर नोकरी नाही, सात एकर कोरडवाहू आहे, पाऊस झाला तर सोयाबीन. त्यानं सात जणी सोडायच्या? त्याला ज्यांच्याकडून होकार येईल त्याच किती असणार!

केपलरची गोष्टही मी त्याला सांगितली, ग्रहांच्या कक्षा शोधणारा तोच. पहिली बायको १६११ मध्ये वारली, मग त्यानं दोन वर्षात अकरा स्थळं बघितली, आणि शेवटी १६१३ मध्ये लग्न केलं ते पाचवीशी, सुझानाशी. अकराही बघून झाल्यावर तो पाचवीकडं परत गेला. आपल्याकडं सुद्धा मध्यस्थाला पुन्हा फोन करता येतो, चिठ्ठीसारखं कायमचं काही जात नाही, निदान लगेच तरी जात नाही.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. परभणीच्या त्या मुलीच्या वडलांनी सोमवारी माझ्या भावाला फोन केला. चांगले बोलले हो, आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं की "आमचं काही चुकलं का?" भावाकडं उत्तर नव्हतं. काय सांगणार, की तुमची पोरगी सहावी होती म्हणून? त्या पोरीनं सकाळपासून घर आवरलं असेल, तिच्या आईनं शेजारून चांगल्या बश्या आणल्या असतील, आणि आमचं पोरगं पोह्याची बशी हातात धरून तिच्याकडं नमुना म्हणून बघत होतं. मी त्याला सरळ म्हणलं, मनात नाही म्हणायचं आधीच ठरवून कुणाच्या घरी जायचं नाही, गाडीचं पेट्रोल तुझं असलं तरी दिवस त्यांचा जातो. पहिल्या तीन घरीसुद्धा हो म्हणायची तयारी ठेवूनच जायला पाहिजे होतं.

बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आत्या, तशी सहांमधली मला तीच बरी वाटली होती, नर्सिंग केलंय तिनं, शेताबद्दल तिनंच विचारलं, बोअरला पाणी किती आहे म्हणून. आधीच्या पाचांनी नव्हतं विचारलं.

म्हणजे बघा, तीन सोडून पुढं आजवरची सगळ्यात सरस दिसली की थांबायचं, या हिशोबानं तो उशिरात उशिरा सहावीवर तरी थांबायलाच पाहिजे होता.

मध्यस्थ मामांना मी आज दुपारी फोन लावला. पोरीकडचे नाराज आहेत म्हणाले, पण अजून कुठं सुपारी फुटलेली नाही. येत्या रविवारी भाऊ एकटाच परभणीला जाणारे, आधी माफी मागायला.