एंटरचा दोष नाही आणि रेंडररचाही नाही

«मार्कडाउनमध्ये एंटर मारला की ओळ मोडलीच पाहिजे, नाही मोडली तर रेंडरर बिघडलेला. दोन स्पेस मारा, कुठेही चालतं. जास्त अंतर हवं तर चार ओळी रिकाम्या सोडा.»

नाशिकच्या आमच्या ट्रेकिंगवाल्यांत हा मेसेज फिरतोय. मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरातल्या खुणांवरून पान मांडायची पद्धत, आणि रेंडरर म्हणजे ती मांडणी करून दाखवणारा प्रोग्रॅम. त्याला निमित्त आमचीच अंजनेरीची फाइल:

```
सकाळी ६: सीबीएस
सकाळी ७: अंजनेरी पायथा
दुपारी २: परतीचा प्रवास
```

गिटहबवर `README.md` म्हणून ठेवली तर सगळं एका ओळीत सलग येतं. हाच मजकूर तिथल्याच कमेंटमध्ये टाकला की तीन ओळी दिसतात. बिघाड म्हणावा तर कुठला?

मार्कडाउन २००४ चं. तेव्हा ईमेलमध्ये सत्तर-ऐंशी अक्षरांवर एंटर मारून ओळ तोडायची पद्धत होती. असा प्रत्येक एंटर एचटीएमएलमधली ओळ तोडणारी खूण `<br>` झाला असता तर अरुंद पडद्यावर परिच्छेदाच्या चिंध्या झाल्या असत्या. म्हणून परिच्छेदातला एकटा एंटर एचटीएमएलमध्ये नुसता एंटरच राहतो आणि ब्राउझर त्याची स्पेस करतो. कॉमनमार्क या मार्कडाउनच्या नंतरच्या नेमक्या नियमावलीचे नियम याला मऊ तोड मानतात, आणि ती पक्की करून दाखवायची मुभा रेंडररला देतात. कमेंटमध्ये माणूस एंटर मुद्दाम मारतो, म्हणून गिटहब तिथे ती मुभा वापरतं. दोन्ही वागणुकी नियमातच बसतात.

दोन स्पेसचं म्हणणं निम्मं खरं. ओळीच्या शेवटी दोन किंवा जास्त स्पेस आल्या की पक्की तोड होते. एका स्पेसने होत नाही, आणि परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीवर त्यांचा काही परिणाम नाही. पण त्या डोळ्यांना दिसत नाहीत, हीच खरी गोची. मी त्या फाइलीत इमानेइतबारे स्पेस घातल्या, सेव्ह केलं, आणि एडिटरने ओळीअखेरच्या स्पेस आपणहून पुसून टाकल्या. अर्धा तास मी रेंडररलाच शिव्या घालत होतो! स्पेस उरल्यात का ते असं बघा:

```
grep -n '  $' README.md
```

काहीच छापलं नाही तर त्या गेल्या. दिसणारी खूण हवी तर ओळीच्या शेवटी `\` टाका. कॉमनमार्कला ती कळते. २००४ च्या मूळ प्रोग्रॅमला कळत नाही, तिथे ती तशीच छापली जाते.

रिकाम्या ओळींचं म्हणाल तर एक सोडा की चार, परिच्छेद बदलतो तेवढाच. मधलं अंतर ठरवणं हे सीएसएसचं काम.

आमच्या वेळापत्रकाला खरं तर यातलं काहीच नको होतं:

```
- सकाळी ६: सीबीएस
- सकाळी ७: अंजनेरी पायथा
- दुपारी २: परतीचा प्रवास
```

ही यादी README आणि कमेंट, दोन्हीकडे तीन ओळींतच येते. फक्त मुद्द्यांच्या मध्ये रिकामी ओळ सोडू नका. एका जागी जरी सोडली तरी कॉमनमार्क अख्खी यादी सैल धरतं, प्रत्येक मुद्दा `<p>` या परिच्छेदाच्या खुणेमध्ये जातो आणि सगळ्याच ओळींमधलं अंतर वाढतं.