कडी अडकली, पण दिसली कुणाला?

गेल्या मे महिन्यात आम्ही गावात एक उद्योग केला. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस राहून गेलंय. आज पावसाने लाइट गेलीय, फोनला चार्जिंग आहे, म्हणून बसलोय.

आमचं गाव देवगड तालुक्यात. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या सुवर्णमहोत्सवात आमच्या हौशी मंडळाने तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' केलं होतं. प्रयोग बरा झाला होता, म्हणजे लोक उठून गेले नव्हते. मे महिन्यात भाचा मुंबईहून आला. तो मालिकांच्या सेटवर कॅमेरा असिस्टंट आहे. कॅमेरा घेऊनच आला होता. तो म्हणाला, मामा, तुमच्या नाटकाचा सिनेमा करूया. परवानगी वगैरे काही घेतलेली नव्हती, त्यामुळे कुठे टाकायचा प्रश्नच नव्हता. घरच्या घरी, शिकण्यासाठी.

माझा हिशोब सोपा होता. हे नाटक घडतंच मुळी एका खेड्यातल्या सभागृहात. मुंबईहून नाटक मंडळी आलेली असतात, रात्रीच्या प्रयोगाला वेळ असतो, म्हणून वेळ घालवायला खोटा खटला भरवतात आणि बेणारेबाईंना आरोपी करतात. आमच्याकडे खरं खेडं आहे, खरं सभागृह आहे, नाटकातला गावकरी सामंत करणारा तर इतका खरा आहे की त्याला वेगळा अभिनय करावा लागत नाही. नेपथ्य लागणार नाही, म्हणजे नाटकीपणाही येणार नाही. तीन दिवसांत पहिला अंक आणि शेवटचं स्वगत असं चित्रित केलं आणि खळ्यात पडदा बांधून सगळ्यांना दाखवलं.

पंधरा मिनिटांत आमचे आबा मागून म्हणाले, "अरे, ह्यां नाटकच दिसतां मां!"

आबा दशावतार बघत मोठे झालेले. त्यांच्या म्हणण्यात टोमणा नव्हता, पण मला झोंबलं. खऱ्या जागेत, खऱ्या उजेडात चित्रित केलेली गोष्ट नाटक का दिसावी?

त्या रात्री भाच्यासोबत लॅपटॉपवर ते परत पाहिलं. थांबवत थांबवत, पहाटे दोनपर्यंत.

पहिली गोष्ट सापडली ती दारापाशी. नाटकाच्या सुरुवातीला सामंत सभागृहाचं दार उघडतो आणि बेणारेचं बोट कडीत सापडतं. सामंत त्या कडीबद्दल बोलतो, ती बोटाबद्दल बोलते. पुढे खटला अंगावर आल्यावर ती निघून जायला बघते तेव्हा हेच दार उघडत नाही. म्हणजे ती कडी हे एक पात्रच आहे. पण शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला कडी दिसत नाही आणि बोट तर नाहीच नाही. त्यामुळे कडी डोळ्यांऐवजी कानांनी पोचवावी लागते. तेंडुलकरांनी ती संवादात घातली आणि गप्पांच्या ओघात अशी बेमालूम घातली की रंगमंचावर कळतही नाही, आपल्याला माहिती दिली जातेय.

आम्ही काय केलं? भाच्याने हौसेने कडीचा क्लोजअप घेतला, गंजलेली, खाली पडणारी कडी, त्यात अडकलेलं बोट. आणि त्याच्यावर संवाद सगळेच्या सगळे ठेवले. डोळ्यांनी बघितलेलं कानांनी परत ऐकवलं. पडद्यावरची माणसं आपल्याला दिसतंय तेच बोलायला लागली की ती आपल्यासाठी बोलताहेत हे उघडं पडतं. भाच्याने प्रयोग म्हणून ती वाक्यं काढून टाकली. उरलं बोट, तोंडात घातलेलं, आणि सामंताचा ओशाळलेला चेहरा. प्रसंग एकदम माणसात आला. तेंडुलकरांचं वाक्य कापताना माझा हात थरथरला हे कबूल करतो.

दुसरी गोष्ट आणखी गमतीची. पोंक्षे करणाऱ्या आमच्या मास्तरांना प्रयोगात दोन ठिकाणी हमखास हशा मिळायचा. हशा आला की नट थांबतो, नाहीतर पुढचं वाक्य बुडतं. हे थांबणं अंगात इतकं मुरलेलं असतं की प्रेक्षक नसतानाही मास्तर थांबले. समोरचा नटही थांबला, कारण त्याचीही सवय तीच. पडद्यावर तिथे दोन-अडीच सेकंदांचं भोक. कुणी हसत नाही, कुणी बोलत नाही, पंखा तेवढा फिरतोय. तुम्ही कधी नाटकावरून केलेल्या विनोदी सिनेमात उगीच ओकंबोकं वाटणारं वाक्य ऐकलं असेल, तर तिथे कान देऊन बघा. पुष्कळदा तिथे एक न आलेला हशा पुरलेला असतो.

उभं राहण्याचंही तसंच. सात-आठ माणसं मोकळ्या सभागृहात, तरी सगळी एका भिंतीकडे पाठ करून अर्धवर्तुळात. का, तर शाळेच्या रंगमंचावर प्रेक्षक समोर होते! नट आणि प्रेक्षकांमधली ती न दिसणारी चौथी भिंत आम्ही घरून सोबत आणली होती. भाच्याने कॅमेरा हलवून बेणारेच्या मागे नेला तर तिथे कुणी नव्हतंच, नुसती कॅलेंडरं.

इथपर्यंतच्या चुका दुरुस्त होण्यासारख्या होत्या. शेवटच्या स्वगताने मात्र आम्हाला खरं अडवलं.

ज्यांनी नाटक पाहिलंय त्यांना आठवेल. न्यायाधीश झालेले काशीकर आरोपीला बोलायला दहा सेकंद देतात. ती गप्प राहते. पण त्या दहा सेकंदांत रंगमंचावरची बाकीची सगळी पात्रं थिजतात आणि बेणारे आपलं सगळं आयुष्य बोलून टाकते. मग वेळ संपली म्हणून खटला पुढे सुरू. म्हणजे ते सगळं प्रेक्षकांनी ऐकलं, कोर्टाने नाही. रंगमंचावर यात कुणालाही शंका येत नाही. नट न हलता उभे राहिले, प्रकाश बदलला की काळ थांबला, हा आपला आणि नाटकाचा करार असतो. दशावतारात एकच बाकडं असतं. राजा बसला की सिंहासन, शंकर बसला की कैलास. कुणी विचारत नाही.

कॅमेरा हा करार मानत नाही. आमचे थिजलेले नट पडद्यावर श्वास घेत होते. सुखात्म्यांच्या पापण्या लवत होत्या. मिसेस काशीकरांचा पदर पंख्याने उडत होता. काळ थांबलेला नव्हता, सात माणसं श्वास रोखून उभी होती एवढंच दिसत होतं. आणि बेणारे करणारी आमची वहिनी, प्रयोगात जिने बायकांना रडवलं होतं, ती दोन फुटांवरच्या कॅमेऱ्याला सोडून शाळेच्या शेवटच्या रांगेशी बोलत होती. तिची नजर लांब कुठेतरी फिरत होती. आवाज चढा. मी तिला दोष देत नाही, तालमीत "मागे ऐकू येत नाही" म्हणून ओरडणारा मीच.

इथे माझं मत बदललं. तोवर मला वाटायचं की नाटकाचा सिनेमा नाटकी दिसतो तो एकाच खोलीत अडकल्यामुळे. म्हणून लोक त्याला 'बाहेर काढतात', एक बाजार, एक समुद्रकिनारा, एक गाडीचा प्रवास. आम्हालाही खाडीवरचा एक प्रसंग घालायचा मोह झाला होता. पण सिडनी ल्युमेटचा '१२ अँग्री मेन' (१९५७) बघा. मूळ रेजिनाल्ड रोझने टीव्हीसाठी लिहिलेलं नाटक, १९५४ चं. बासू चटर्जींनी त्याचाच हिंदीत 'एक रुका हुआ फैसला' केला. जवळपास सगळा सिनेमा एका खोलीत, बारा माणसं, टेबल, उकाडा. तरी तो नाटक वाटत नाही. ल्युमेटने नंतर लिहून ठेवलंय की पहिल्या एक तृतीयांश भागात कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवला, मधल्या भागात डोळ्यांच्या पातळीवर, शेवटच्या भागात खाली, इतका की छत दिसायला लागतं. सोबत हळूहळू जास्त लांबीच्या लेन्स वापरत गेला, त्यामुळे मागच्या भिंती माणसांच्या अंगावर आल्यासारख्या दिसतात. खोली तीच, पण ती आवळत जाते. नाट्यगृहात हे शक्य नाही, तिथे माझी खुर्ची ठरलेली.

म्हणजे खोली बंद असण्याने काही बिघडत नाही. बघणारा एका जागी बसून राहिला की बिघडतं. आणि नट कुणाशी बोलतोय हे ठरलेलं नसलं की पारच बिघडतं.

हा दुसरा मुद्दा मला 'नटसम्राट'मुळे जास्त कळला. शिरवाडकरांचं नाटक १९७० साली आलं, डॉ. लागूंनी गणपतराव बेलवलकर, म्हणजे आप्पा, केले. त्यातली स्वगतं ऐकणारे आपण असतो, नाट्यगृहात बसलेले. महेश मांजरेकरांनी २०१६ मध्ये सिनेमा केला तेव्हा अडचण हीच की पडद्यावरचे आप्पा बोलणार कुणाशी? त्यात रामभाऊ आला, विक्रम गोखल्यांचा. मूळ नाटकात हा मित्र नाही. मला ही त्या सिनेमातली सगळ्यात शहाणी जागा वाटते. दोन म्हातारे नट एकमेकांसमोर बसून जुनी नाटकं बोलतात, तेव्हा चढा आवाज, हातवारे सगळं चालतं, कारण नट घरीही असेच बोलतात. तिथला नाटकीपणा माणसाचा स्वभाव आहे. काही घरगुती प्रसंगांत मात्र बाकीची मंडळीही आप्पांच्याच पट्टीत उत्तरं देतात असं मला वाटलं, आणि तिथे मी पुन्हा खुर्चीत जाऊन बसलो. नटाच्या घरात एखादा तरी हळू बोलणारा हवा. आमच्या घरात आई होती.

तर आम्ही आमचं स्वगत परत घेतलं. बाकी सगळ्यांना बाहेर पडवीत पाठवलं. थिजणं रद्द. पंखा बंद, मे महिना, दार लावलेलं. वहिनीला सांगितलं की कॅमेऱ्याकडे नाही, काशीकरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून बोल, आणि तो माणूस तीन फुटांवर आहे एवढ्याच आवाजात. मध्ये मध्ये आम्ही त्या खटल्यातले आधी घेतलेले चेहरे जोडले, हसणारे, पान लावणारे. काळ थांबलाय हे दाखवायच्या भानगडीत पडलोच नाही. प्रयोगात स्वगत साधारण नऊ मिनिटं चालायचं, इथे साडेचारला संपलं. मजकूर आम्ही थोडासाच कमी केला होता, बाकीचा वेळ गेला तो शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्यातला.

आबांना परत दाखवलं. ते शेवटपर्यंत गप्प बसले, मग म्हणाले, "बाई कित्याक येवडी हळू बोलता? माका अर्ध्या ऐकाकच नाय इला."

एक प्रसंग अजून राहिलाय, दार न उघडण्याचा. तोही घ्यायचा ठरलं होतं. सकाळी सगळे जमलो, कॅमेरा लागला, वहिनीने दार ओढलं आणि दार भस्सकन उघडलं. आदल्या दिवशी त्रास बघून शाळेच्या शिपायाने कडीला खोबरेल तेल घातलं होतं.