पंखा फिरतोय, पण हजेरी लागत नाही

दिवाळीच्या साफसफाईत मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं, हीच चूक झाली. आत इतकी धूळ आणि शेव, की इंदूरच्या माणसाचं मशीन आहे हे कुणीही सांगितलं असतं. शेव आत गेली कशी हे मला आजपर्यंत कळलं नाही, पण गेली होती. प्रोसेसरचा पंखा वायर काढून नीट साफ केला, परत लावला, स्वतःवरच खूश झालो. आणि बटण दाबलं तर काळ्या स्क्रीनवर:

```
CPU Fan Error!
Press F1 to Run SETUP
```

पहिले चार दिवस मी F1 दाबायचो, सेटअपमधून न बघताच बाहेर पडायचो, की विंडोज सुरू. बायकोलाही सवय झाली. "अहो, तुमचा कॉम्प्युटर हाक मारतोय, जा, दाबून या."

मग भाचा आला. "मामा, काहीच नाही, सेटअपमध्ये पंख्याच्या वेगाच्या लो लिमिटला Ignore करून टाका, मेसेज जाईल." अरे, मेसेज जाईल, पण उद्या पंखा खरंच बंद पडला तर सांगणार कोण?

म्हणून पाचव्या दिवशी सेटअपमध्ये जाऊन पहिल्यांदा मॉनिटरवालं पान नीट वाचलं. CPU Fan Speed पुढे N/A, आणि CPU Temperature 41. चहा घेऊन पाच मिनिटं तिथेच बसलो, 41 चे 42 झाले आणि थांबले. तेच 60, 70, 80 असं चढत गेलं असतं तर F1 वगैरे विसरून सरळ मशीन बंद करायचं, कारण मग पंखा खरंच फिरत नाहीये, नाहीतर हीटसिंक नीट बसलेलं नाही. इथे गार होतं, म्हणजे पंखा कामावर होता, मग बोर्डाला दिसत का नव्हता?

मशीन बंद केलं, प्लग काढला, उरलासुरला करंट जावा म्हणून पॉवरचं बटण दाबून धरलं आणि मगच झाकण उघडलं. मोबाईलचा टॉर्च मारला. पात्यांत वायर अडकलेली नाही, बोटाने पंखा सहज फिरतोय. मग वायरीच्या मागे मागे गेलो तर पिन कुठे? CHA_FAN वर, म्हणजे कॅबिनेटच्या पंख्याच्या जागेवर! शेजारीच CPU_FAN रिकामं, माझ्याकडे बघत.

पंख्याच्या एका वायरीतून किती फेरे झाले याचे ठोके बोर्डाकडे जातात, आणि प्रोसेसरचा पंखा फिरतोय की नाही याची खात्री बोर्ड फक्त CPU_FAN वरचे ठोके मोजून करतो. म्हणजे आमचा पंखा रोज वेळेवर येऊन राब राब राबत होता, फक्त सही भलत्याच मस्टरवर करत होता. मी सरकारी नोकरी केलीये, मला हे आधी सुचायला हवं होतं.

पिन बदलली. 1180 आरपीएम. थेट विंडोज.

"आज हाक नाही मारली?" बायकोने विचारलं. भाचा मात्र अजून म्हणतो, मामा, Ignore केलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं.