मॅरेथॉनचा मार्ग अजून सायकलनेच का मोजतात

धावणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या फिरतोय तो मजकूर असा:

«परवाच्या शर्यतीत शंभर जणांच्या घड्याळात 42.6 ते 42.8 आलं. शंभर घड्याळं चुकीची आणि एक कागद बरोबर? उपग्रहाच्या जमान्यात हे लोक अजून सायकलचं चाक फिरवून रस्ता मोजतात. वर 42 मीटर मुद्दाम जास्त घालतात म्हणे. असल्या प्रमाणपत्रावर विक्रम कसले मानायचे?»

घड्याळापासून सुरुवात करू. मनगटावरचं जीपीएस घड्याळ रस्ता मोजत नाही. ते ठरावीक वेळाने तुमची जागा टिपतं आणि टिपलेल्या जागा रेषेने जोडतं. प्रत्येक जागा थोडी इकडेतिकडे चुकते, झाडीखाली आणि उंच इमारतींच्या मध्ये जास्तच. त्यामुळे तुम्ही नाकासमोर सरळ धावलात तरी घड्याळातली रेषा नागमोडी निघते, आणि नागमोडी रेषा सरळ रेषेपेक्षा लांबच भरते. शंभर घड्याळांचा युक्तिवाद इथे पडतो. चूक कधी कमी, कधी जास्त अशी असती तर सरासरीत विरून गेली असती. ही चूक बहुतेक वेळा एकाच बाजूला झुकते, म्हणून शंभर काय, हजार घड्याळं घेतली तरी ती तशीच राहते.

शिवाय तुम्ही खरोखरच जास्त धावलेले असता. मोजणी सर्वांत जवळच्या वाटेने होते: वळणावर आतल्या कठड्यापासून 30 सेंटीमीटर, आणि तिथून पुढच्या वळणाच्या आतल्या कडेपर्यंत तिरपं, सरळ. आपल्याकडच्या बऱ्याच शर्यती दुभाजकाच्या एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत येणाऱ्या. यू-टर्नला शंकूपासून दोन मीटर लांबून वळलात की सहा मीटर वाढलेच. त्यात पाण्याच्या टेबलाकडे जाणं, गर्दीतून वाट काढणं. 42.195 मध्ये पाचशे मीटर म्हणजे सव्वा टक्काही नाही, आणि तो असाच जमतो.

आता सायकल. ही पद्धत जुनी आहे हे खरं. अमेरिकी मॅरेथॉनपटू टेड कॉर्बिट यांनी 1964 मध्ये रस्त्यावरच्या शर्यती मोजण्यावर अहवाल लिहिला, आणि 1971 मध्ये अ‍ॅलन जोन्स यांनी पुढच्या चाकाच्या आसाजवळ बसणारं, चाकाचे फेरे मोजणारं एक छोटं यंत्र बनवलं. आज वापरात असलेला त्याचा प्रकार चाकाच्या एका फेऱ्याला साडेतेवीसहून थोडे जास्त आकडे मोजतो. म्हणजे एक आकडा साधारण 9 सेंटीमीटरचा. कुठलं घड्याळ एवढं बारीक सांगतं?

पण बारीक आकडा म्हणजे खरा आकडा नव्हे, आणि मोजणाऱ्याचं कसब तिथेच लागतं. चाकाचा घेर हवेवर, उन्हावर आणि बसणाऱ्याच्या वजनावर बदलतो. म्हणून आधी सपाट, सरळ डांबरी रस्त्यावर किमान 300 मीटरचा एक पट्टा पोलादी टेपने आखतात. टेप ताणकाट्याने साधारण पाच किलोच्या ओढीने ताणायची आणि तिचं तापमान बघायचं, कारण टेपवरच्या खुणा 20 अंशांना खऱ्या असतात. परभणीत डिसेंबरच्या पहाटे 8 अंश असताना टेप आखडते. 300 मीटरवर फरक चार सेंटीमीटरच, पण तो दुरुस्त केला नाही तर पूर्ण मॅरेथॉन जवळपास सहा मीटरने आखूड निघते.

मग या पट्ट्यावरून सायकल चार वेळा न्यायची, शर्यतीचा मार्ग मोजायचा, आणि परत येऊन पुन्हा चार वेळा. एक उदाहरण घेऊ. सकाळच्या चार फेऱ्यांची सरासरी 3376 आकडे आली, ऊन चढल्यावर 3374. टायर तापून फुगलं, चाक किंचित मोठं झालं, म्हणून आकडे घटले. किलोमीटरला हिशेब केला तर सकाळी 11,253 आणि दुपारी 11,247. दिवसाचा आकडा म्हणून दोन्हींची सरासरी, 11,250 धरायची. दोन आकड्यांचा हा फरक मॅरेथॉनभर 25 मीटरचा होतो.

ऊन वाढताना सकाळचाच आकडा धरला तर मार्ग लांब निघतो, त्याने विक्रमाला बाधा येत नाही. धोका उलट्या बाजूचा. बाभळीचा काटा लागून हवा हळूहळू उतरत असेल, तर चाक लहान होत जातं, आकडे लवकर भरतात आणि मार्ग आखूड होतो. बसणाऱ्याला ते जाणवतही नाही. शेवटच्या चार फेऱ्यांत आकडे सकाळपेक्षा वाढलेले दिसले की शंका घ्यायची. हवा गेलेली असेल तर त्या दिवसाची मोजणी बाद.

ते 42 मीटर याच हिशेबातले आहेत. हजारात एक एवढी वाढ ठेवतात, म्हणजे 11,250 ऐवजी 11,261 आकड्यांचा किलोमीटर आखतात. मोजणीत राहणारी बारीक चूक या वाढीत सामावली तरी मार्ग 42,195 मीटरपेक्षा कमी भरू नये, एवढाच हेतू. अर्ध मॅरेथॉनला ही वाढ 21 मीटरची. आपल्या बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने 2020 मध्ये दिल्लीत 1:00:30 वेळ देऊन राष्ट्रीय विक्रम केला, त्या वेगाने 21 मीटर म्हणजे साडेतीन सेकंद. एवढी किंमत धावपटू मोजतो आणि बदल्यात त्याच्या वेळेवर कुणी बोट ठेवू शकत नाही.

किंमत न मोजल्यास काय होतं ते न्यूयॉर्कने पाहिलंय. 1981 मध्ये अल्बर्टो सालाझार तिथे 2:08:13 मध्ये धावला आणि 2:08:34 हा जुना विक्रम 21 सेकंदांनी मोडल्याचा जल्लोष झाला. पुढे मार्ग पुन्हा मोजला तर तो सुमारे 150 मीटर कमी भरला. त्याच्या वेगाने ते 27 सेकंद. विक्रम गेला. आणि ही तूट कुठल्या उपग्रहाने पकडली नाही, फेरमोजणीनेच पकडली. आता जागतिक विक्रमासाठी अशी पडताळणी नियमातच आहे, शक्यतो आधी मोजलेल्यांपेक्षा वेगळ्या वरच्या श्रेणीच्या मोजणीदाराकडून.

प्रमाणपत्राबद्दल मात्र शंका घ्यायला जागा आहे, फक्त त्या मजकुरात सांगितली तिथे नाही. प्रमाणपत्र रस्त्याचं असतं, त्या दिवसाच्या शर्यतीचं नसतं. 2016 मध्ये ग्लासगोच्या अर्ध मॅरेथॉनचा मार्ग ठरलेल्या आराखड्याप्रमाणे लावला गेला नाही. तो 149.7 मीटर आखूड निघाला आणि कॅलम हॉकिन्सचा स्कॉटिश विक्रम मोडीत निघाला.

आपल्याकडे हे होण्याच्या जागा दोन. एक यू-टर्न: स्वयंसेवकाने पहाटे अंधारात शंकू दहा मीटर अलीकडे ठेवला की शर्यत वीस मीटर कमी. दुसरी, साइडपट्टी. मराठवाड्यातल्या कितीतरी रस्त्यांना कठडाच नसतो, डांबर संपलं की मुरूम सुरू. वळणावर मुरुमावरून जाता येत असेल तर धावणारा जाणारच, म्हणून मोजणीदाराने एक तर मुरुमावरची वाट मोजायची, नाहीतर तिथे बॅरिकेड हवं असं नकाशावर लिहायचं. विक्रमाची शक्यता असेल तेव्हा तो मोजणीदार शर्यतीच्या दिवशी पुढच्या गाडीत बसून हेच बघतो.

तेव्हा आयोजकांना घड्याळाचे स्क्रीनशॉट पाठवण्याऐवजी मोजणीचा नकाशा मागा. प्रत्येक यू-टर्न कुठल्या कायम खुणेपासून किती मीटरवर आहे, ते त्यात लिहिलेलं असतं. विजेचा खांब, पुलाचा कठडा, असं काहीतरी. शर्यतीच्या पहाटे टेप घेऊन तिथे गेलात तर शंकू जागेवर आहे की नाही ते पाच मिनिटांत कळतं.